न फोडलेलं पाकीट

पाळी आली की रागिणी फुलांना हात लावत नसे. बाळापूरजवळच्या त्या मळ्यातला झेंडू देवळात जायचा, म्हणून सासरची तशी रीतच होती. या महिन्यात तारीख उलटून गेली तरी ती रोज तोडणीला येते, हे सासूनं बरोबर हेरलं.

"टोपलं मले दे. तू वजन उचलू नको."

लग्नाला वर्ष झालं तरी कामापुरतंच बोलणारी बाई ही. नवरा पुण्यात कंपनीत; मागच्या महिन्यात चार दिवस येऊन गेला, एरवी त्याचा फोन अधूनमधून.

रागिणीनं एका दुपारी चोरून दिवस राहिल्याची चाचणी केली होती. एकच रेघ, म्हणजे दिवस नाहीत. तिनं गावातल्या आशा कार्यकर्तीला, आशाताईंना, गाठलं.

"दुपारी, पाणी ढोसून केली काय? पातळ लघवीत रेघ उमटत नाही कधी कधी," आशाताई म्हणाल्या. "आन मांगच्या महिन्यात तुले टायफॉइड झाला होता. आजारपणानं, वजन उतरल्यानं पाळी लांबते. किंवा दिवस राहिलेही असतीन, पण उशिरा, म्हणून अजून दिसून नाही राहिलं. आठवड्यानं सकाळच्या पहिल्या लघवीत करून पाह्य. तवाबी एकच रेघ आन पाळी नाही, तर डॉक्टरकडे जाऊ. मंधात कवा पोटात जोरात दुखलं तर थांबू नको."

नवं पाकीटही दिलं.

आठवडाभर सासू 'जेवली काय' विचारत राहिली. ठरल्या सकाळी रागिणी ओढणीआड पाकीट घेऊन संडासाकडे निघाली.

"हळू जाजो, फरशी ओली हाय," सासू चुलीपासून म्हणाली.

रागिणीनं आतून कडी लावली. पुन्हा एकच रेघ निघाली, तर उद्यापासून 'जेवली काय' कोण विचारणार? पाकीट न फोडताच तिनं लघवी केली आणि वर बादलीभर पाणी ओतलं.