२०२२ च्या आधीची संघप्रिया

मुरुमजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात संघप्रिया गायकवाड एकोणीस वर्षं नर्स होती. तिला वाडी-वस्तीवरच्या बायका ‘ताई’ म्हणायच्या आणि तिच्यापुढं नवऱ्यालाही न सांगितलेलं बोलायच्या. दुपारी पेशंट सरले की औषधांच्या टेबलावर बसून ती ते लिहायची, नावं-गावं बदलून. दोन वर्षांत एकशे ऐंशी पानं झाली. धाराशिवच्या एका साहित्य न्यासाची नव्या लेखकांचं पहिलं पुस्तक छापायची योजना होती, तिथं तिनं ती पाठवली. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा तिच्या नवऱ्यानं, प्रेमानंदनं, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. तो वीज मंडळात लाइनमन.

तीन आठवड्यांनी न्यासाचे अध्यक्ष वसंतराव यांचा फोन आला. मराठीचे निवृत्त प्राध्यापक, आवाज मऊ.

“ताई, जरा येऊन जाता का? लिखाणाबद्दल एक शंका निघालीय.”

धाराशिवला गेली तर टेबलावर तिचीच पानं पसरलेली. एका सदस्यानं त्यातली चार पानं कुठल्याशा वेबसाइटवर टाकली होती आणि उत्तर आलं होतं, एक्क्याण्णव टक्के यंत्रानं लिहिलेलं.

“माझा त्या टक्क्यांवर विश्वास नाही,” वसंतराव म्हणाले. “मी माझा चौऱ्याण्णव सालचा लेख तिथं टाकून पाहिला. त्यालाही अठ्ठ्याहत्तर टक्के यंत्र म्हणाली. मराठीच्या बाबतीत तर तिचं काहीच खरं नाही. पण शंका एकदा निघाली ना ताई, ती आता आम्हाला मिटवावी लागणार.”

“म्या लिवलंय सर. आनखी काय सांगू?”

“सांगून भागणार नाही. बावीस सालाच्या आधीचं, ही यंत्रं लोकांच्या हातात येण्याआधीचं तुमचं लिखाण द्या. त्याच्याशी ताडून बघू.”

संघप्रियाचा जीव भांड्यात पडला. उमरग्याच्या एका साप्ताहिकात तिचे अकरा लेख छापून आले होते, २०१५ ते २०१७ मध्ये. कात्रणं ट्रंकेत होती. दुसऱ्याच दिवशी तिनं ती नेऊन दिली.

ताडून बघायचं काम उत्कर्षकडं होतं. तो कॉलेजात संगणक शिकवायचा. आठ दिवसांनी त्यानं तिला समोर बसवून सांगितलं, “ताई, माणूस मोठे शब्द ठरवून वापरतो. ‘तर’, ‘मग’, ‘पण’, ‘की’ हे बारके शब्द मात्र हातातून आपोआप सांडतात. कोण किती वेळा सांडतो, वाक्य कुठं तोडतो, यावरून लिहिणाऱ्याचा अंदाज येतो. पक्का पुरावा नव्हे, अंदाजच. आणि तुमचे हे लेख न् हे पुस्तक, दोन वेगळ्या माणसांचं वाटतंय.”

तिनं कात्रणं पुन्हा चाळली. मग आठवलं. साप्ताहिकाचे संपादक वैजनाथ तिचा लेख लाल पेनानं भरून टाकायचे. ‘म्हणे मग’ खोडून ‘त्यानंतर’, तिची तोडकी वाक्यं जोडून एक लांब. तेव्हा तिला त्याचा अभिमान वाटायचा, आपलं लिखाण पुस्तकी दिसतंय म्हणून. साप्ताहिक बंद पडलं, वैजनाथ कोरोनात गेले, मूळ कागद रद्दीत.

“म्हणजे ते लेखही तुमचे नव्हते?” शेजारच्या सदस्यानं विचारलं.

आलेली शंका मिटायची सोडून मागच्या दहा वर्षांवरही पसरली होती.

“कुणी हात न लावलेलं काहीतरी असेल ना?” उत्कर्षनं हळू विचारलं. “पत्रं, वही? पुस्तकासारखंच, घडलेलं सांगणारं. आणि तारीख सिद्ध होईल असं. नुसती जुनी वही चालत नाही, जुन्या वहीत आजही लिहिता येतं.”

असं होतं. तिला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

२०१४ मध्ये तिची तीन महिन्यांची मुलगी न्यूमोनियानं गेली होती. दुसऱ्यांची लेकरं टोचून वाचवणाऱ्या बाईची. ते तिनं वहीत लिहून काढलं होतं, चौतीस पानं, आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिलं होतं. चार वर्षांनी सोलापूरच्या धाकट्या बहिणीचं, अस्मिताचं, बाळ पोटातच गेलं. तोंडानं काही बोलता येईना, तेव्हा संघप्रियानं त्या पानांचे फोटो काढून तिला मेल केले. मेलवर तारीख होती, १२ ऑगस्ट २०१८. जगात ही पानं तेवढ्या एकीनंच वाचलेली.

पानं दाखवायची का, हे तिनं अस्मिताला फोनवर विचारलं. अस्मिता म्हणाली, “अक्का, तुझी पानं हाईत. दे. पर उत्तरात म्या काय लिवलं हुतं ते नको दाखवू.”

प्रेमानंदला सांगणं जड गेलं. त्याला वहीच ठाऊक नव्हती.

“त्यात माझं काय हाय?” त्यानं विचारलं.

“तुमी आला न्हाईत, ते हाय.”

लेक गेली त्या दिवशी वादळानं लाइन पडली होती, तो दुसऱ्या गावात खांबावर होता. तो उठून दारात गेला, तिथंच पाठमोरा उभा राहिला.

“दी,” म्हणाला. “पर म्या न्हाय वाचणार.”

न्यासाच्या खोलीत चार परक्या माणसांनी तिच्या लेकीचं मरण वाचलं. उत्कर्षनं ‘मग’ मोजले. वसंतरावांनी दोन्हीकडच्या वाक्यांखाली पेन्सिलीनं रेघा ओढल्या. “हे पाहा, क्रियापद आधी आणि माणूस मागाहून. ‘गेले मी’, ‘रडली नाही ती’. इकडंही, तिकडंही.” बोलता बोलता ते थांबले आणि चष्मा काढून पुसू लागले. संघप्रिया खिडकीबाहेर बघत राहिली. आपल्या बोलण्यात असं काही आहे हे तिला आजवर माहीतही नव्हतं.

हात एकच असल्याचं समितीनं लिहून दिलं. पुस्तक दिवाळीआधी निघालं, उमरग्यात चांगला कार्यक्रम झाला.

न्यासानं काढून घेतलेली त्या पानांची झेरॉक्स मात्र परत मिळाली नाही. “नोंद म्हणून ठेवावी लागते, ताई. पाकीट बंद आहे,” वसंतराव म्हणाले. “पुढच्या पुस्तकाला तुम्हाला त्रास नको. नमुना आपल्याकडं आहेच. फक्त भाषा अशीच राहू द्या.”

तिनं नवं लिहायला घेतलं ते लक्ष्मीबाईवर, साठाव्या वर्षी सायकल शिकलेल्या आणि पहिल्याच दिवशी सरपंचाला धडकलेल्या बाईवर. वाक्यं लांब, घोळदार, हसत येत होती. दोन पानं झाल्यावर ती थांबली आणि तिनं ‘मग’ मोजले. तीनच होते. दोन घुसवले. ‘लक्ष्मीबाई पडली’ होतं, ते ‘पडली लक्ष्मीबाई’ केलं. वाचून पाहिलं तर गंमत गेली होती, लेक गेलेली बाई सायकलची गोष्ट सांगत होती.

आठवडाभर असंच चाललं. शेवटी तिनं वसंतरावांना फोन लावला.

“सर, आता माझं लिहिणं वेगळं येतंय.”

“येणारच. माणूस बदलतो.” ते म्हणाले. “पण मग पुन्हा शंका निघाली तर दुसरा नमुना लागेल हो.”

“कुठून आणू? बावीसच्या आधीची मी तेवढीच हाय, सर. ती चौतीस पानं.”

“खरं आहे,” एवढंच ते म्हणाले.

तिनं घुसवलेले दोन ‘मग’ खोडले. लक्ष्मीबाईची पानं न्यासाला पाठवली नाहीत. उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी रांगेतल्या बायकांना वाचून दाखवली. सरपंच येतो तिथं त्या पोट धरधरून हसल्या, खुद्द लक्ष्मीबाईसुद्धा. पुढचं प्रकरण तिनं अजून लिहिलेलं नाही. कोरा कागद समोर घेतला की आधी ती चौतीस पानंच आठवतात, असं ती सांगते.