दोन एकर साडेअडतीस गुंठे, रस्ता कच्चा

अनुसयाबाईंनी शहाद्याच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. नवरा गेल्यावर शेत विकून लेकीकडे, कामिनीकडे, नाशिकला जायचं ठरलं, तेव्हा त्या तहसीलसमोरच्या भूपेशच्या टायपिंगच्या दुकानात, साप्ताहिकात छापायची जाहिरात द्यायला गेल्या.

भूपेशने मथळा आधीच टाइप केला होता : ‘रोड टच! क्लिअर टायटल! तीन एकर सोनं!’

बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं. “रस्ता कुठे टच शे?”

“बाई, समदा तसंच लिखतस.”

“अन् तीन एकर कसं? सातबाऱ्यावर एक हेक्टर वीस आर. म्हणजे दोन एकर साडेअडतीस गुंठे. त्यात आठ आर पोटखराब, तिथं काहीच पिकत नाही.”

शेवटी मथळा असा झाला : ‘१ हेक्टर २० आर (त्यात ८ आर पोटखराब), नकाशावरील १२ फुटी गाडीरस्ता, कच्चा, पावसाळ्यात चिखल, सातबाऱ्यावर मयत पतीचे नाव, वारस नोंद चालू.’

“जमीन ईकनी शे का नही?” भूपेश कळवळला.

“ईकनी शे, पण खोटं बोलीसन नही.”

जाहिरात छापून आली आणि फोन सुरू झाले. पण घ्यायला कुणीच तयार नव्हतं. जो तो शंका घेई, “बाई, एवढं खरं लिखं, म्हणजे आखो काय लपाडेल शे?” एकाने तर शेतात भूत आहे का, असं विचारलं. बाईंनी “पाहण्यात नाही” असं प्रामाणिकपणे सांगितल्यावर तो आणखीच घाबरला.

पंधरवड्याने प्रकाशा गावचे केळी बागायतदार मगनभाई आले. त्यांनी पूर्वी एक ‘रोड टच’ शेत घेतलं होतं. रोड होता, पण नाल्याच्या पलीकडे. तेव्हापासून ते खिशात मोजायची टेप ठेवत.

चपला हातात घेऊन ते चिखलातून बांधापर्यंत गेले, पोटखराब पाहिला, आणि परत येऊन गंभीरपणे म्हणाले, “बाई, तुमनी जाहिरात खोटी शे.”

बाईंचा चेहरा उतरला.

“रस्ता बारा फूट नही. मोजा. बोरीपाशी दहाच शे.”

अनुसयाबाईंनी स्वतः टेप धरून मोजलं. दहाच भरलं, शेजाऱ्याचा बांध दोन फूट पुढे सरकला होता. मगनभाई सौद्याचं बोलत असतानाच त्या भूपेशकडे निघाल्या. पुढच्या अंकात छापून आलं : ‘दुरुस्ती : रस्ता एके ठिकाणी १० फूट. क्षमस्व.’

“अहो, गिऱ्हाइक तर मीच शे!” मगनभाई हसून हसून बेजार झाले.

वारस नोंदीची नोटीस लागली, पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. नवा सातबारा मिळाल्यावर मगनभाईंनी खरेदीखत केलं. बाई आणि कामिनीने सह्या केल्या. सही करण्याआधी बाईंनी अख्खं खरेदीखत वाचून त्यातल्या शुद्धलेखनाच्या चौदा चुका लेखनिकाला दाखवल्या, त्यामुळे त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात सगळ्यांचं जेवण लांबलं.