अख्तरबीची गाठ आणि शालनचा भांग

अख्तरबी पटवेगार आमच्या तमाशाच्या फडात कधी नाचली नाही, गायली नाही, पण तिच्याशिवाय आमच्यातली एकही बाई बोर्डावर पाऊल टाकत नसे. विट्याची ही विधवा बाई. नवरा मौला दागिने रेशमात ओवायचा, म्हणजे सोनाराने मणी घडवायचे आणि ह्याने ते दोऱ्यात गुंफून, गाठी मारून, गोंडे लावून अंगावर चढण्याजोगे करायचे. तो गेल्यावर सुई तिने हातात घेतली. उन्हाळ्यात लग्नांच्या घरी नवऱ्या मुलींच्या डोक्यावरचे दागिने बसवायची आणि जत्रांच्या हंगामात आमच्याबरोबर फिरायची.

डोक्यावरच्या दागिन्याबद्दल तिचं बोलणं एखाद्या वैद्यासारखं असे. बसक्या कपाळाच्या मुलीला ती मोठं पदक कधी लावू द्यायची नाही. "कपाळ चार बोटं, त्यात तीन बोटं पदक, मग पोरगी कुठं बसवायची?" रुंद कपाळाला मात्र कानांवरून जाणारे दोन्ही बाजूंचे सर हवेतच, असा तिचा आग्रह. अंबाड्याचं फूल बसवताना आकड्याची टोकं आधी उलटी धरून वरचे चार केस पकडायची, मग आकडा फिरवून अंबाड्याच्या पोटात सरकवायची. तो आकडा मग नाचताना हलत नसे. आणि बिजवरा, म्हणजे भांगातल्या सराला लोंबणारं कपाळावरचं पदक, त्यासाठी ती टाळूवर चिमूटभर केसांची बारीक वेणी घाली, त्या वेणीत कडी अडकवी आणि वरून रेशमाने आवळून टाकी. त्या आवळण्याला आम्ही फडाची गाठ म्हणायचो. मी गिरक्या घेऊन घामाने निथळून आत यायची, पण कपाळावरचं पदक जागचं हललेलं नसायचं. पहाटे ती स्वतः गाठ सोडायची तेव्हा डोकं असं हलकं व्हायचं की झोपच यायची.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. राहीबाई म्हणून अख्तरबीच्या ओळखीची एक बाई होती. तिच्या मुलीचं, शालनचं लग्न शिराळ्याजवळच्या एका वाडीत ठरलं. नवरा कृष्णात पलटणीत शिपाई. लग्न मुलाच्या दारात होतं, म्हणून राहीबाई अख्तरबीला वऱ्हाडाबरोबर घेऊन गेली. वाटेत तिने बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, पोरीला गेल्या साली विषमज्वर झाला हुता. समदे केस गळून नवे आल्यात. जरा बेतानं."

अख्तरबी म्हणाली, "माझ्या हाताखालनं किती डोकी गेल्यात, राही. तू अक्षता टाक."

शालनच्या सासूचं नाव रंगूबाई. तिने आपल्या घरचा बिजवरा आणून दिला. सगळा जुना, भरीव. पदकाखाली तीन घोस, आणि भांगातून जाणाऱ्या सरावर फुलंच फुलं. घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेने हळद उतरेपर्यंत तो घालायचा, असा त्या घराचा रिवाज. अख्तरबीने तो तळहातावर तोलला आणि तिला कळलं की हे वजन नव्या केसांना झेपायचं नाही. पदकाचा भार कानांवरच्या सरांनी घ्यायला हवा. पण ते सर नुसते शोभेचे होते, लांब आणि सैल. ते आखूड करून पुन्हा ओवायला निम्मा दिवस लागला असता, आणि दारात वाजंत्री उभी होती.

तिने फडाची गाठ मारली.

शालनला वाकायला लावलं, मान झटकायला लावली. बिजवरा हलला नाही. बायका खूश झाल्या. रंगूबाई म्हणाली, "आमच्या घरात कुणाच्या डोक्यावर येवढा नीट बसला नव्हता गं."

अक्षता पडल्या, जेवणं उठली, तोवर आमच्या फडाचे मालक नानासो यांचा माणूस तिथे पोचला. मेढ्याची जत्रा होती आणि आमची नवी पोर कपाळावरचं सावरत नाचत होती. अख्तरबीने शालनला सांगितलं, "उद्या तिन्हीसांजंला मी माघारी येती. मी येईस्तोवर ह्याला हात लावू नको. ती गाठ तुमाला सुटायची न्हाई, आन वडाताण केली तर कडी तुटंल. सासूचं सोनं हाय."

शालनने मान हलवली. जेवढी हलत होती तेवढी.

मेढ्याला गर्दी लोटली. एका रात्रीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. अख्तरबी रोज म्हणायची, "मला जायाला पायजे, त्या पोरीची गाठ सोडायची हाय." आणि नानासो म्हणायचे, "आवं अख्तरबी, सोन्याला काय पाय फुटल्यात व्हय? आजची रात काढा." ती राहायची. तिलाही आमचा तंबू आवडायचा, मी कशाला नाही म्हणू. पडदा वर जाताना ती कडेला उभी राहून आमच्या कपाळांकडे बघायची आणि चेहरा असा फुलायचा की जणू टाळ्या तिलाच पडतायत.

शेवटी माझा गळा बसला, मालकांनी मला सोडलं, आणि मी तिच्याबरोबर निघाले. कऱ्हाडला एसटी बदलताना ती म्हणाली, "मने, फडातली गाठ कवा रातीच्या पल्याड ऱ्हायल्याली बघितलीस?"

मी म्हणाले, "न्हाई मावशी."

"मी बी न्हाई."

वाडीत पोचलो तर शालन सोप्यात भिंतीला टेकून बसलेली. पापण्या सुजलेल्या. मान वळवायची तर ती सगळं अंग वळवायची. कपाळावर पदक लखलखत होतं, अजून जागच्या जागी.

"झोपलीस का न्हाई गं?" अख्तरबीने विचारलं.

"बसल्या बसल्या लागायचा डोळा."

रंगूबाई चुलीपासून म्हणाली, "नव्या नवरीला टोचतंच की. आमी काय केलं? सोसलं."

अख्तरबी शालनच्या मागे बसली. तेल, घाम आणि हळदीने रेशीम फुगून गाठीचा दगड झाला होता. नखाला दाद देईना, सुईला देईना. तिने ब्लेडने दोरा कापला आणि कडी उचलली, तर ती बारीक वेणीसुद्धा कडीबरोबर वर आली. मुळांसकट. टाळूवर, भांगाच्या ऐन मध्यावर, बंद्या रुपयाएवढी जागा लाल, ओली, उघडी पडली.

शालनला आधी कळलंच नाही. भार गेल्याचं सुख तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिने हात वर नेला आणि बोटं तिथेच थांबली.

"हे माघारी येतील न्हवं, मावशी? एकदा गेल्यालं आल्यात. आता पुन्यांदा येतील?"

अख्तरबीने कडीतली वेणी पदराआड धरली.

"तुमी म्हणाला हुता हात लावू नको," शालन म्हणाली. "म्हणून मी न्हाई लावला."

तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. सांगितलेलं काम चोख केल्यावर पोर सांगते तसं ती सांगत होती. मी रंगमंचावर पुष्कळ रडले आहे, माणसं रडवली आहेत, पण त्या एका वाक्याने अख्तरबीचा चेहरा जसा झाला तसा मी कुठल्याच वगात बघितला नाही.

ती उठून रंगूबाईपुढे गेली. "आक्का, पोरीकडं खोट न्हाई. तिचे केस नवे हायत हे मला म्हाईत हुतं. वजन म्हाईत हुतं. गाठ माझी, आन आली न्हाई ती बी मीच. काय बोलायचं ते मला बोला, तिला नगा."

मला वाटलं, आता ही बाई घर डोक्यावर घेणार. रंगूबाईने हात पदराला पुसले. शालनच्या डोक्यावर वाकून तिने ती जागा बघितली. मग आमच्यासमोर खाली बसली आणि तिने आपला पदर मागे टाकला. आयुष्यात परक्या माणसापुढे टाकला नसेल असा. पांढऱ्या केसांच्या मधोमध, त्याच जागी, गुळगुळीत टक्कल.

"माझ्या सासूला बी हुतं," ती म्हणाली. "ती म्हणायची, लगीन झाल्यालं डोकं असंच असतं. मी बी तसंच धरून चालले."

कृष्णात दारात उभा होता, तो परत फिरून गोठ्याकडे गेला.

अख्तरबीने बिजवरा ओच्यात घेतला. "आक्का, हे मला पुन्यांदा ववाया द्या."

"सोनं मोडायचं न्हाई. घरचं हाय."

"गुंजभर बी मोडत न्हाई. जागा तेवढी बदलती."

ती दुसऱ्या दिवशी ऊन कलेपर्यंत तिथेच बसली. भांगातल्या सराची निम्मी फुलं सोडवून त्यांना आकडे लावले आणि ती अंबाड्याला दिली. खालचे दोन घोस काढून कानांवरच्या सरांना विभागले. ते सर आखूड केले आणि त्यांच्या टोकांना गोंडे लावून ते मागे, अंबाड्याखाली बांधायचे केले. त्यामुळे पदकाचा भार डोक्याभोवती फिरला आणि भांगातल्या कडीला फक्त पदक मधोमध धरून ठेवायचं काम उरलं. रंगूबाईने तो स्वतःच्या डोक्यावर ठेवून बघितला. "कवाच का न्हाई केलं असं कुणी," एवढंच म्हणाली. अख्तरबीला ते कौतुक फटक्यासारखं लागलं. कारण करता येत होतं, हे तिला लग्नाच्या सकाळीच माहीत होतं.

त्यानंतर ती आमच्याबरोबर जत्रेला आली नाही. नानासोंनी दोनदा माणूस पाठवला. लग्नाच्या घरी ती दागिना बांधायची आणि सोडून होईपर्यंत त्या घराचा उंबरा ओलांडायची नाही. लोक हसायचे. "पटवेगारणीला जेवायची हौस लय," म्हणायचे. ती जेवायची नाहीच.

शालनची जखम भरली. कडेने केस आले, मधली जागा मात्र तशीच राहिली. ती भांग बाजूला पाडू लागली.

तिच्या नणंदेचं लग्न निघालं तेव्हा रंगूबाईने अख्तरबीला मुद्दाम बोलावलं आणि मीही गेले. नवरी सजून झाली. मग शालन घरचीच एक भांगात घालायची हलकी बिंदी घेऊन अख्तरबीपुढे पाठ करून बसली. "मला बी बांधा."

"तुझ्या डोक्याला माझा हात नगं, बाई."

"मग कुणाचा? मला मागचं दिसत न्हाई."

अख्तरबीने बांधली. अगदी सैल, ओढली की सुटेल अशी सरक गाठ. दोऱ्याचं टोक शालनच्या खांद्यावरून पुढे आणून तिच्या हातात दिलं. "वड."

शालनने ओढलं. बिंदी ओंजळीत पडली.

"आता कळलं? माझी वाट बघायची न्हाई. कुणाचीच न्हाई." तिने पुन्हा बांधली आणि पुन्हा टोक हातात दिलं. "वड."

"आवं मावशी, मग घालायची कवा?" शालन हसायला लागली. मागच्या बायकाही हसल्या.

तिसऱ्यांदा बांधून झाल्यावर शालन मांडवात गेली. अख्तरबी उंबऱ्याच्या आत भिंतीला पाठ लावून बसली, दिवस मावळेपर्यंत. रंगूबाईने दोनदा ताट पाठवलं. दोन्ही वेळा तिने ते माझ्याकडे सरकवलं आणि मांडवातल्या गर्दीत शालनचं डोकं शोधत राहिली.