‘गेला’ म्हणजे कुठं गेला?

चुडाव्याच्या कबड्डीत माईक मल्हारच्याच हातात. माणसं खेळापेक्षा आपलं ओरडणंच ऐकायला येतात, असा त्याचा पक्का समज होता.

यंदा शेजारच्या गावाशी सामना होता. विरेश चढाईला गेला आणि मल्हार किंचाळला, “गेला रे गेला!” गावानं टोप्या उडवल्या. कर्ण्याखाली बसलेल्या विरेशच्या आंधळ्या बापानं, बसप्पानं, मात्र मान खाली घातली.

मध्यंतराला तो काठी टेकत आला. “मल्हार, पोरगं बाद झालं तर लोक नाचायलेत कशाला?”

“बाद कुठं, काका? दोन गडी मारून परत आला की!”

“मघाशी त्याला पकडलं तवाबी तू ‘गेला’च म्हणलास. गेला म्हंजे नेमकं कुठं गेला?”

मल्हार गडबडला. इतकी वर्षं घसा फोडून आपण सांगितलं तरी काय?

दुसऱ्या डावात त्यानं जपून सुरुवात केली. “विरेश मधली रेषा ओलांडून आत. समोर पाच जण, एकमेकांचे हात धरलेले. डावीकडचा गडी त्याच्या पायावर... न्हाई, उजवीकडचा... थांबा!” विरेशचं डावं ते समोरच्यांचं उजवं. सगळं मैदान हसायला लागलं. मल्हारनं वैतागून माईकवरच विचारलं, “काका, डावं कुणाचं धरू?”

“विरेशचं धर,” बसप्पा खालून ओरडला. “मीबी त्याच्यासंगंच आत गेलोय.”