विसरलेलं अर्धं वाक्य

वल्लरी कोठारे दादरला स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये बुद्धिमत्ता चाचणी शिकवायची. रानडे रोडवरच्या एका साडीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर तो क्लास. खाली सेलचा भोंगा आणि वर वल्लरीचा आवाज, अशी ती रोजची झटापट. वीसेक वर्षांत भोंगा बदलला, दुकानाचा मालक बदलला, क्लासचाही मालक बदलला. आताचा मालक हर्षवर्धन हा कधीकाळी तिच्याच समोर पहिल्या बाकावर बसायचा. त्यामुळे तो तिला मॅडम म्हणायचा आणि ती त्याला अरेतुरे करायची, पण तास कोणाला किती द्यायचे ते तो ठरवायचा.

घर गिरगावात. घरात ती आणि आई, राजलक्ष्मीबाई. घराण्यात पूर्वी कारकून होते, वकील होते, अलिबागेकडे थोडी वाडीही होती, आता भिंतीवर फोटो होते. संख्याशास्त्र घेऊन पदवी झाल्यावर वल्लरीने चार दिवस शिकवून बघू म्हणून जे सुरू केलं ते तसंच राहिलं. लग्नाचं जुळलं नाही, मग वडील गेले, मग आईचं गुडघ्याचं दुखणं. ती रात्री घरी आली की आई एकच विचारायची, "आज कोण लागलं का गं नोकरीला?" वल्लरी चपला काढता काढता म्हणायची, "रोज कोण लागतं, आई?"

खरं तर हल्ली क्वचितच कोणी लागत होतं. जागा शेकड्यांनी निघायच्या आणि अर्ज लाखांनी पडायचे. त्याच त्याच मुलांना दर वर्षी नव्या बॅचमध्ये पाहून तिला थकवा यायचा. घसा दुपारीच बसायचा. खिशात खडीसाखर आणि हातात खडू, एवढ्यावर संध्याकाळ निघायची.

त्या जुन्या मुलांतलाच एक धनेश गावडे. लालबागच्या चाळीतला. आजोबा गिरणीत होते, वडील गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले. धनेश दिवसभर परळच्या टॉवरांमध्ये पार्सलं पोचवायचा आणि संध्याकाळी हेल्मेट बाकाखाली ठेवून बसायचा. गणित चांगलं, मराठी चांगलं, पण उंचीचे आणि वयाचे प्रश्न आले की त्याचं घोडं अडायचं. 'अमका तमक्यापेक्षा उंच, ढमका अमक्यापेक्षा बुटका, तर सर्वांत उंच कोण' असलं काही आलं की तो पटकन एक नाव टिपून मोकळा व्हायचा. पर्यायांमध्ये 'माहिती अपुरी' असायचं, त्याकडे तो बघायचाही नाही. तिने विचारलं तेव्हा म्हणाला होता, "मॅडम, उत्तर येत नाही असं लिहायला कसंतरी वाटतं."

"येत नाही आणि मिळत नाही, यात फरक आहे," ती म्हणाली होती.

मग तिने त्याच्यासाठी, आणि त्याच्या निमित्ताने सगळ्यांसाठी, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. उंच माणूस वर, बुटका खाली, अशी नावं मांडा. ज्या दोघांची तुलनाच दिलेली नाही त्यांना आपल्या मनाने वरखाली करू नका, शेजारी शेजारी ठेवा. वाक्यात ज्याचं नाव आधी आलं तो उंच, असं काही नसतं. आणि शेवटी बघा, कोणापेक्षाही बुटका असं ज्याच्याबद्दल म्हटलेलं नाही, असे कितीजण उरतात. एकच उरला तर तोच सर्वांत उंच. दोन उरले तर माहिती अपुरी.

धनेशला हे पटलं, आणि जरा जास्तच पटलं. नंतरच्या सराव परीक्षांत तो जिथे तिथे 'माहिती अपुरी' टिपू लागला. दोन नावं शेजारी दिसली की त्याचा हात तिकडेच जायचा. वल्लरीच्या ते लक्षात आलं होतं. एकदा थांबवून सांगायला हवं, असं तिच्या मनात दोनदा आलं. पण त्याच आठवड्यात आईला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि ते राहून गेलं.

लिपिकाच्या भरतीची परीक्षा झाली. त्या परीक्षेला वयाची अट होती आणि धनेशची ही शेवटची वेळ होती. पेपर झाल्यावर मुलं क्लासमध्ये जमली. पेपर बाहेर नेता येत नाही, त्यामुळे ज्याला जे आठवेल ते सांगायचं आणि त्यावरून उत्तरं काढायची, ही जुनी रीत. उंचीचा प्रश्न धनेशने सांगितला. पाच मैत्रिणी, सगळ्यांची उंची वेगवेगळी. मालन कमलपेक्षा उंच. कमल रुपालीपेक्षा उंच. रुपाली मेघनापेक्षा उंच. आणि अनुजा रुपालीपेक्षा उंच. तर सर्वांत उंच कोण?

वल्लरीने फळ्यावर मांडलं. मालनच्या खाली कमल, तिच्या खाली रुपाली, तिच्या खाली मेघना. अनुजा रुपालीच्या वर कुठेतरी, पण किती वर ते काहीच नाही. कोणापेक्षाही बुटकी म्हटलेलं नाही अशा दोघी उरल्या, मालन आणि अनुजा. ती म्हणाली, "माहिती अपुरी."

मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. धनेशने तेच टिपलं होतं. त्याने सगळे गुण जोडले आणि हिशेब जमत होता, जेमतेम का होईना. त्या रात्री त्याच्या आईने वल्लरीला फोन केला. मालवणीत म्हणाली, माझ्या झिलाक यंदा नोकरी लागतलीच बघा, मॅडम, तुमचे उपकार. वल्लरीने तिला निकाल लागू द्या म्हटलं, पण तिलाही बरं वाटलं होतं. आईला तिने आपण होऊन सांगितलं की एक मुलगा बहुतेक लागेल.

आठ-दहा दिवसांनी भरती मंडळाने प्रत्येकाला त्याचा पेपर आणि अधिकृत उत्तरं पाहू दिली. उंचीच्या प्रश्नाचं उत्तर होतं मालन.

क्लासमध्ये गदारोळ झाला. मंडळाचं उत्तरच चुकीचं, हरकत घ्यायची, असं सगळ्यांचं ठरलं. हर्षवर्धन तर खूशच झाला. मंडळाची चूक आपल्या क्लासने पकडली, असा व्हिडिओ काढायचं त्याने ठरवूनही टाकलं, आणि फळ्यापुढे वल्लरीने उभं राहायचं होतं. तिने धनेशला पेपर मोबाइलवर दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, तोच प्रश्न आहे, मी पाहिला. तरी तिने चष्मा लावून वाचला.

शेवटचं वाक्य होतं, 'अनुजा ही रुपालीपेक्षा उंच, परंतु मालनपेक्षा उंचीने कमी आहे.'

तिने ते दोनदा वाचलं. मग मोबाइल परत दिला आणि चहाला म्हणून खाली उतरली. साडीच्या दुकानाच्या पायरीशी ती बराच वेळ उभी राहिली. धनेश खोटं बोलला नव्हता. अनुजा रुपालीच्या वर, इथपर्यंत वाचून त्याच्या मनात कमल आणि अनुजाचा घोळ सुरू झाला असणार, आणि पुढचं अर्धं वाक्य डोळ्यांखालून गेलं तरी मनात उतरलं नसणार. पण तिने त्या दिवशी एवढंसुद्धा विचारलं नव्हतं, वाक्य एवढंच होतं का रे? समोर आलं तेवढं पुरेसं धरून ती उत्तर देऊन बसली होती.

वर आल्यावर तिने आधी हर्षवर्धनला बाजूला घेतलं. उत्तर मंडळाचंच बरोबर आहे, म्हणाली. त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. हरकत घ्यायला काय जातं, असं त्याचं म्हणणं पडलं. शंभरजणांनी घेतली तर मंडळ प्रश्न रद्दही करेल, पोरांचं भलं होईल, आणि तुम्ही एवढी वर्षं शिकवताय, तुमच्या शब्दाला वजन आहे.

"म्हणूनच सांगते," वल्लरी म्हणाली. "मी फळ्यासमोर उभी राहून चुकीचं मांडणार नाही. व्हिडिओ काढायचा तर दुसऱ्या कोणाला घे."

मग ती वर्गात गेली आणि पूर्ण वाक्य फळ्यावर लिहिलं. अनुजा मालनपेक्षा कमी, म्हणजे तिची जागा मालनच्या खाली. आता कोणापेक्षाही बुटकी म्हटलेलं नाही अशी एकच उरते, मालन. अनुजा कमलपेक्षा उंच की नाही ते कळत नाही, म्हणजे दुसरी कोण ते सांगता येणार नाही. पण पहिली कोण ते सांगता येतं. त्या दिवशी मी अर्ध्या प्रश्नाचं उत्तर दिलं, ते चुकलं, असं तिने सांगून टाकलं. आवाज बसलेला होता, त्यामुळे मागच्यांनी पुढच्यांना विचारून घेतलं.

वर्ग हळूहळू रिकामा झाला. धनेश तसाच बसून राहिला. ती फळा न पुसता त्याच्या बाकाशी जाऊन बसली.

"अनुजा आणि कमल, दोघींत उंच कोण ते कळतच नव्हतं, मॅडम," तो म्हणाला.

"नव्हतंच कळत. पण ते विचारलंच नव्हतं रे."

हेल्मेटची पट्टी बोटांना गुंडाळत तो म्हणाला की आधी तो नुसता ठोकत होता तेव्हा मालनच टिपली असती. तिचं नाव पहिलं होतं. तू प्रत्येक ठिकाणी अपुरी अपुरी लिहायला लागलास ते मला दिसत होतं, आणि मी थांबवायला हवं होतं, एवढं वल्लरी म्हणाली. त्याने मान हलवली. राग असेल तर त्याने तो दाखवला नाही, आणि दाखवला असता तर तिला हलकं वाटलं असतं.

निकालात त्याचं नाव नव्हतं. थोडक्यात हुकलं. हरकती बऱ्याच गेल्या होत्या, पण उत्तर काही बदललं नाही. हर्षवर्धनने व्हिडिओ काढलाच नाही, मात्र पुढच्या बॅचला तिचे दोन तास कमी करून पुण्याच्या एका तरुण सरांना ऑनलाइन दिले. वल्लरीने तक्रार केली नाही. घरी लवकर जायला मिळतं, असं आईला सांगितलं. आईने त्या मुलाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाही लागला." राजलक्ष्मीबाईंनी ताटावरचं झाकण काढून दिलं.

वयाची अट जरा सैल असलेली एक परीक्षा उरली होती, जिल्हा परिषदेची. धनेश क्लासला येत नव्हता, पण रविवारी सकाळी वल्लरी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायची, तिथे त्याला बोलवून घेतलं. पहिल्या रविवारी तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. आला, हेल्मेट घेऊन. तिने त्याला नवीन काही शिकवलं नाही. प्रत्येक प्रश्नाला एकच सवय लावली. आधी शेवटची ओळ वाच, काय विचारलंय ते बघ. मग सगळी वाक्यं शेवटच्या शब्दापर्यंत वाच. मग तेवढ्यासाठी पुरतं की नाही ते ठरव. सर्वांत उंच विचारलं असेल तर मधल्यांच्या भांडणात पडू नको. दोघांत कोण थोरला असं विचारलं असेल, तर सगळ्यांत धाकटा ठाऊक असून उपयोग नाही. कधी त्याचं बरोबर यायचं, कधी यायचं नाही. बाजूला क्रिकेटच्या नेटमध्ये मुलांचा सराव चालायचा. दोघंही कंटाळलेली असायची आणि दोघंही यायची.

त्या परीक्षेतून त्याला पालघरकडच्या एका पंचायत समितीत कनिष्ठ सहायकाची जागा मिळाली. लालबाग सोडून तिकडे खोली घ्यावी लागणार होती, त्याच्या आईला ते रुचलं नव्हतं. त्याने हे फोनवर सांगितलं तेव्हा वल्लरी बस स्टॉपवर उभी होती. तिने अभिनंदन केलं, खोली ऑफिसजवळ बघ म्हणाली, आणि रुजू व्हायची तारीख विचारली. तेवढ्यात बस आली. गर्दी होती, तरी तिला खिडकीशी जागा मिळाली, आणि गिरगाव येईपर्यंत तिला झोप लागली.