दहाची जोडवडी

आमची कंपनी छोटी. जळगावच्या एमआयडीसीत एक शेड, त्यात अंगाचा साबण बनतो आणि जळगाव-धुळे जिल्ह्यांतल्या खेड्यांत विकला जातो. मी तिथं अठरा वर्षं विक्रीचं काम पाहत होतो. पारोळ्याचा बाजार असो की शिरपूरच्या वरच्या अंगाची सातपुड्यालगतची गावं, कुठल्या दुकानात काय खपतं ते मला विचारायचं, अशी रीत होती. मालकही मलाच विचारत.

मग ती आली. पारोळ्याजवळच्या खेड्यातली, तिशीच्या आतली. आधी एका वितरकाकडे बिलं करायची. मालकांनी तिला माझ्या हाताखाली घेतलं. मला ती भाऊ म्हणायची, आणि पहिले काही महिने मला ती आवडायचीही, कारण ती विचारायची आणि मी सांगायचो.

त्या वर्षी आमचा पाच रुपयांचा साबण बसत चालला होता. त्याचं कारण मीच होतो, हे आज सहज लिहितो. तेव्हा मानायला तयार नव्हतो. तेलाचे भाव चढले की मी एकच सल्ला द्यायचो: किंमत पाचच ठेवा, वजन उतरवा. खेड्यात पाचाचं नाणं चालतं, सहाला सुटे कोण देणार? सल्ला चूक नव्हता. पण तीनदा वजन उतरवल्यावर वडी इतकी लहान झाली की दहाच्या वडीच्या निम्मीही भरेना. मालक म्हणाले, पाचाचा बंद करू, दहाचाच ठेवू. मी हो म्हणालो.

ती म्हणाली, थांबा.

बैठकीत आम्ही चौघं होतो. ती सांगायला लागली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत मजुरी आठवड्याची, खरेदी बाजाराच्या दिवशी. बाईला साबण या बाजारापासून त्या बाजारापर्यंत पुरायला हवा. पाचाची वडी चौथ्या दिवशी संपते. दहाची घेतली तर सगळं घर तिच्यावरच अंघोळ करतं, ती ओल्या दगडावर पडून राहते आणि निम्मी विरघळून जाते. म्हणून बायका घरी आणल्यावर दोऱ्यानं वडीचे दोन तुकडे करतात. एक वापरायला, एक कोरडा डब्यात. "आपणच दोन करून देऊ," ती म्हणाली. "एकाला एक जोडलेल्या दोन वड्या. दोन्ही दहात."

मी ऐकत होतो आणि माझे कान तापत होते. माझी आई आयुष्यभर साबण दोऱ्यानं कापत आली होती. मोरीत मी ते हजार वेळा पाहिलं होतं. मी पाहिलेलं ती मालकांना सांगत होती आणि मालक कागदावर लिहून घेत होते. माझं बोलणं त्यांनी कधी लिहून घेतल्याचं मला आठवत नव्हतं.

मी अडचण काढली. दुकानदार जोड तोडून सुटी वडी विकेल, आणि सुट्या वडीवर किंमत-वजन छापलेलं नसेल तर वजनमापवाले धरतील. ती म्हणाली, भाऊंचं बरोबर आहे, म्हणून प्रत्येक वडीच्या वेष्टनावर तिची पाच रुपये किंमत आणि वजन वेगळं छापायचं. ज्याच्याकडे पाचच आहेत त्याला दुकानदार एक तोडून देईल. वेष्टनाच्या मशीनवर वड्यांमधल्या एका सांध्याला पूर्ण काप, पुढच्या सांध्याला नुसते दाते, शाम्पूच्या पुड्यांच्या लडीला असतात तसे. कारखान्याच्या फोरमननं मान हलवली. दोन साच्यांऐवजी एकच साचा लागेल, खोकंही एकच, तेव्हा वडी दहाच्या बरोबर निम्मी करूनही परवडेल, असं तो म्हणाला.

माझ्या अडचणीचंही तिनं तिच्या कल्पनेत सोनं करून टाकलं होतं. घरी जाऊन मी जेवलो नाही. बायकोला सांगितलं, पित्त झालंय.

चाचणीसाठी वीस खोकी निघाली. हा माल पायथ्याच्या गावांतल्या दुकानांत पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी काय केलं ते सरळ सांगतो. वितरकाच्या गाडीवाल्याला म्हणालो, वरचा रस्ता खराब आहे, माल पारोळ्यात आणि एरंडोलला स्टँडजवळच्या दुकानांत टाक. तिथलं गिऱ्हाईक महिन्याचा किराणा भरणारं, मोठ्या वड्यांचे तीन-तीनचे संच नेणारं. जोडवडी तिथं उचलणार नाही, हे मला अठरा वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. तो अनुभव मी अशा कामाला लावला.

महिन्यानं माल तसाच पडून होता. मालक म्हणाले, कल्पना चांगली होती, पण बाजार घेत नाही. ती एवढंच म्हणाली, "माझंच काही चुकलं असेल. एकदा बाजारात जाऊन बघते." मालकांनी मला सोबत जायला सांगितलं. मला वाटलं होतं तिचा पडलेला चेहरा बघून बरं वाटेल. थोडं वाटलंही. तेही लिहायला हवं.

शिरपूरपासून पुढे जीपनं गेलो. आठवडी बाजार भरला होता. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या आबांना तिनं जोडवडीबद्दल विचारलं. ते म्हणाले, असा साबण इकडं आलाच नाही. तिनं पुढच्या दुकानात विचारलं, तिथंही तेच. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मिरच्यांच्या ढिगाकडे बघत राहिलो.

तिच्या पिशवीत नमुन्याच्या काही जोड्या होत्या. साबण घ्यायला आलेल्या एका बाईच्या हातात तिनं एक दिली. बाईनं ती उलटसुलट केली, मधले दाते बोटानं चाचपले आणि अलगद तोडली. एक वडी पिशवीत टाकली, दुसरी पदराच्या टोकात बांधली.

"दगडवर ठेवा का बठ्ठा इरघळी जास," बाई अहिराणीत म्हणाली. "हाई बरं शे. एक वापरसू, एक ठेवसू."

आबांनी तिथल्या तिथं विचारलं, एक खोकं कधी मिळेल.

परतीच्या जीपमध्ये शिरपूर जवळ आल्यावर ती म्हणाली, "भाऊ, तुम्हाला हे नको होतं तर मला सांगायचं. मी तुमचंच नाव पुढे केलं असतं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आल्याबरोबर मी त्यांच्या खोलीत गेलो आणि माल कुठं टाकला ते सांगितलं. का टाकला, तेही. ते ओरडले नाहीत. खिडकीशी उभे राहिले, मग म्हणाले, पायथ्याची गावं आजपासून ती बघेल. मी पारोळा, भडगाव, एरंडोल बघावं. नोकरी राहिली.

जोडवडी त्या गावांत चालली. पुढे कंपनीनं शाम्पू काढला, त्याच्या पुडीचं कामही तिच्याकडे गेलं: रुपयाच्या पुडीत लांब केस असलेल्या बाईचं भागत नाही, ती दोन फोडते आणि दुसरीतलं उरलेलं सांडतं, म्हणून दोन रुपयांची जरा मोठी पुडी. तेही बरोबर निघालं. मी तिचं अभिनंदन केलं. ती अजून मला भाऊच म्हणते, चहाला थांबवते, अडलं तर विचारते.

लोकांना वाटतं, कबूल केलं की मन मोकळं होतं. माझी लाज कमी झाली, हे खरं. पण हेवा गेला नाही. परवा भडगावच्या एका दुकानदारानं सहज विचारलं, भाऊ, ही जोडवडी कुणाच्या डोक्यातून निघाली? मी तिचं नाव सांगितलं. सांगायला क्षणभर उशीर केला, तेवढाच.