मोमिनाबादचं अंबाजोगाई

सत्तरच्या दशकात माझ्या पत्नीला सोलापुरात शिक्षिकेची नोकरी मिळत होती. जन्मगावापाशी घोडं अडलं. शाळेच्या जुन्या दाखल्यावर मोमिनाबाद, अर्जात अंबाजोगाई.

शिक्षण कार्यालयातला कारकून म्हणाला, "बाई, तुमी दोन गावांत जन्मलात की काय?"

"गाव एकच हो, राज्य बदललं," ती म्हणाली.

निजामी राजवटीत कागदोपत्री मोमिनाबाद होतं. लोक मात्र देवीच्या नावानं अंबाजोगाईच म्हणत. निजामी गेली आणि पुढं सरकारनं तेच नाव कायम केलं. पण हे सिद्ध कसं करायचं? मी प्रतिज्ञापत्र सुचवलं, एसटीचं तिकीटही दाखवू म्हटलं.

"प्रतिज्ञापत्रात मी म्हणते ते असतं, तिकिटावर एसटी म्हणते ते. मला सरकार काय म्हणतं ते हवंय."

दोन दिवस ती ग्रंथालयात शासकीय राजपत्राचे जाडजूड खंड चाळत बसली. शेवटी नाव बदलल्याची अधिसूचना सापडली. तिचा क्रमांक देऊन तिनं प्रमाणित प्रत मिळवली.

कारकुनानं ती दोनदा वाचली आणि अर्ज पुढं सरकवला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मी तर तिकिटावरच थांबलो असतो."

"म्हणून तर तुम्हाला सोबत नेलं नव्हतं ग्रंथालयात," ती हसून म्हणाली.

सोमवारी ती वर्गावर रुजू झाली.